घंटा आणि पहिलं काम यांच्यामधली सात मिनिटं

शिक्षक जितक्या जास्त वेळा ‘खाली बसा’ म्हणतात, तितकी जास्त मुलं उभी राहतात. चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली अमेरिकेतल्या एका पहिलीच्या वर्गात हे चक्क मोजून पाहिलं. त्यांनी बाईंना काही दिवस ‘खाली बसा’ हे मुद्दाम जास्त वेळा म्हणायला सांगितलं, आणि जागेवरून उठणाऱ्या मुलांची संख्या वाढली. मग उठलेल्यांकडे फारसं लक्ष न देता बसून काम करणाऱ्यांचं कौतुक करायला सांगितलं, आणि ती संख्या खाली आली. यातली खरी थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. ‘खाली बस’ म्हटल्यावर ते मूल बहुतेक वेळा लगेच बसतं. म्हणजे बाईंना दर वेळी प्रत्यय येतो की आपण बोललो आणि परिणाम झाला. दिवसभरात मात्र उठणं वाढत जातं, कारण उठलं की बाई आपल्याकडे बघतात हे मुलांना कळलेलं असतं. वर्गापुढे उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक सुटी घटना दिसते, दिवसाचा कल दिसत नाही. तो दिसायला मागच्या बाकावर कागद-पेन्सिल घेऊन बसलेलं दुसरं कुणीतरी लागतं.

वर्ग ताब्यात न राहणाऱ्या शिक्षकाला मदत करायची योजना नेमकी इथून सुरू होते. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी ती सुरूच होत नाही. पर्यवेक्षक तास बघायला येतात, लॉगबुकात ‘वर्गनियंत्रणाकडे अधिक लक्ष द्यावे’ असा शेरा लिहितात, शिक्षक खाली सही करतात. उद्या पाचव्या तासाला वर्गात शिरल्यावर नेमकं काय वेगळं करायचं, याचा त्या शेऱ्यात पत्ता नसतो. पुढच्या वर्षी तोच शेरा परत येतो आणि हळूहळू गोपनीय अहवालात जाऊन बसतो. वाक्य चुकीचं नसतं, पण त्याला हातपाय नसतात.

ते हातपाय कुठून आणायचे, याचं उत्तर जेकब कूनिन या मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहे. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या या माणसाचं १९७० सालचं पुस्तक वर्गनियंत्रणाच्या अभ्यासाचा पाया मानलं जातं. तासाला वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते एकदा रागावले, आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना काहीच बोललो नाही तेही सावरून बसले. या लहरीचा छडा लावायचा त्यांनी ध्यास घेतला. कसं रागावलं तर वर्ग सुधारतो? आवाज चढवून, नाव घेऊन, शांतपणे, कडकपणे? त्यांनी वर्गांमध्ये कॅमेरे लावले आणि शेकडो प्रसंग तपासले. हाती आलं ते अगदी अनपेक्षित होतं. गोंधळ झाल्यावर शिक्षक तो कसा थांबवतात, याचा वर्ग एकंदरीत कसा वागतो याच्याशी सांगण्यासारखा संबंधच सापडला नाही. ज्यांचे वर्ग सुरळीत चालतात ते शिक्षक गोंधळाच्या आधी काहीतरी वेगळं करत होते. वर्गात कुठे काय चाललंय हे आपल्याला दिसतंय, हे ते मुलांना सतत जाणवू देत. एका कामातून दुसऱ्या कामात जाताना ते वर्ग रिकामा सोडत नसत. दूध उतू जाण्याआधी हात जातो तसा त्यांचा हात वेळेवर जाई.

मला या शोधाचं फार मोल वाटतं. कारण त्यामुळे ‘ती मुळातच मवाळ आहे’, ‘त्याच्या आवाजात जरब नाही’ ही वाक्यं गळून पडतात. जरब शिकवता येत नाही. आधी करायच्या गोष्टी शिकवता येतात आणि मोजताही येतात.

आता अशी योजना प्रत्यक्षात कशी उलगडते ते एका नमुन्यावरून बघू. नमुना मी रचलेला आहे, त्यातले आकडेही नमुन्याचे आहेत, पण त्यातली प्रत्येक अडचण कुठल्याही माध्यमिक शाळेत भेटेल अशी आहे. शाळा अनुदानित, तुकडी आठवी क, पट ५८. विषय विज्ञान, आठवड्याला पाच तासिका, प्रत्येक ३५ मिनिटांची, आणि त्यातल्या बहुतेक मधल्या सुट्टीनंतर लगेच येणाऱ्या. शिक्षिका नोकरीच्या दुसऱ्या वर्षात आहेत. विषय उत्तम येतो, टाचण नीटनेटकं असतं, वह्या वेळेवर तपासून होतात. पण क तुकडीचा आवाज खाली कार्यालयापर्यंत ऐकू येतो.

बी.एड. झालेल्या शिक्षिकेला हे का जमू नये, असं कुणालाही वाटेल. सराव पाठ आठवले की त्याचं कारण कळतं. छात्रशिक्षक पाठ घेत असताना वर्गाचे नेहमीचे शिक्षक किंवा महाविद्यालयाचे प्राध्यापक मागे बसलेले असतात. वर्ग शांत असतो तो त्यांच्यामुळे. शांत वर्गाला शिकवायचा सराव भरपूर होतो, वर्ग कामाला लावायचा सराव जवळजवळ होतच नाही. शिवाय या बाईंच्या स्वतःच्या शाळेतल्या आठवणीत वर्ग आवरायचा म्हणजे पट्टी किंवा अंगठे धरून उभं करणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. पण जुनं साधन गेल्यावर नवं कुणी हातात दिलेलं नाही. उरतो तो आवाज, आणि बाई तोच वापरतात.

योजनेचा पहिला आठवडा काहीही सुधारण्याचा नसतो. तो फक्त बघण्याचा असतो. पर्यवेक्षक सर तीन वेगवेगळ्या दिवशी मागच्या बाकावर बसतात. त्याआधी ते एक-दोनदा नुसतेच येऊन बसून जातात आणि त्या तासांची नोंद धरत नाहीत, कारण नवं माणूस मागे बसलं की पहिले दोन दिवस वर्ग सोज्ज्वळ होतो. तिसऱ्या दिवशी मुलं त्यांना विसरतात.

त्यांनी पाहिलेली पहिली सात मिनिटं जवळून बघण्यासारखी आहेत. सुट्टी संपल्याची घंटा होते. बाई दुसऱ्या मजल्यावर, इमारतीच्या पलीकडच्या टोकाला असतात, कारण त्यांच्या सातवीच्या वह्या तिथल्या कपाटात आहेत. वह्यांचा गठ्ठा घेऊन खाली येईपर्यंत दीड मिनिट जातं, आणि आठवी क तेवढ्यात स्वतःचे उद्योग सुरू करते. बाई आत येतात, मुलं उभी राहून नमस्ते म्हणतात. बाई पाठ फिरवून फळ्यावर वार, दिनांक, विषय आणि घटकाचं नाव लिहितात. चाळीस सेकंद त्यांची पाठ वर्गाकडे असते. खिडकीजवळच्या बाकावरून पाण्याची बाटली पलीकडे जाते. ‘कोण आहे ते?’ कुणीच नसतं. मग ‘मागच्या वेळी कुठपर्यंत आलो होतो?’ हा प्रश्न साऱ्या वर्गाला एकदम विचारला जातो आणि तीसेक मुलं एकदम उत्तर देतात. हा गोंधळ मुलांनी घातलेला नाही, तो प्रश्नानं मागवलेला आहे. त्यानंतर एका दमात तीन सूचना येतात: पुस्तकं काढा, मागचा आकृतीचा कागद वर ठेवा, आणि ज्यांचा गृहपाठ राहिलाय त्यांनी उभं राहा. चौदा जण उभे राहतात. बाई एकेकाला कारण विचारत जातात, आणि तोवर उरलेल्या चव्वेचाळीस जणांना करायला काहीच नसतं.

सात मिनिटं. आठवड्याच्या पाच तासिकांमध्ये पस्तीस. म्हणजे दर आठवड्याला विज्ञानाचा एक अख्खा तास शिकवायला सुरुवात होण्याआधीच संपतो. कुणीही मस्ती न करताही तो संपला असता.

सर आणखी एक मोजणी करतात, आणि तिचा साधेपणा मला दर वेळी अचंबित करतो. अठ्ठावन्न मुलांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही, पण तशी गरजही नाही. पहिल्या बाकावरून सुरुवात करून दर अर्ध्या मिनिटाला एकाच मुलाकडे बघायचं आणि त्या क्षणी ते दिलेल्या कामात आहे की नाही एवढीच खूण करायची. मग पुढचं मूल. एकोणतीस मिनिटांत अख्खा वर्ग एकदा नजरेखालून जातो. कुठल्याही एका मुलाबद्दल या खुणा फारसं सांगत नाहीत; ते मूल नेमकं त्याच क्षणी पेन शोधत असेल. पण अठ्ठावन्न खुणा मिळून वर्गाबद्दल पुष्कळ काही सांगतात. तीन तासांची सरासरी निघाली ५८ पैकी ३१. जवळपास अर्धा वर्ग कामात, अर्धा बाहेर.

या मोजणीवर विसंबायचं तर ती दोन माणसांना सारखी दिसायला हवी. म्हणून एका तासाला ज्येष्ठ विज्ञान शिक्षिकाही शेजारी बसतात आणि दोघं एकमेकांचा कागद न बघता खुणा करतात. नंतर ताडून बघितल्यावर ५८ पैकी ५१ खुणा जुळतात. दहातल्या आठांहून अधिक जुळल्या की मोजमाप चालण्याजोगं मानतात. जुळल्या नसत्या तर ‘कामात असणं’ म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागलं असतं. शेजाऱ्याच्या पुस्तकात बघणारं मूल कामात धरायचं का? पुस्तक एकच असेल तर होय. ही चर्चा किरकोळ वाटते, पण ती झाल्याशिवाय निकष हा शब्द वापरूच नये.

आणि तिसरी मोजणी म्हणजे बाईंचे स्वतःचे शब्द. एका तासात ३१ वेळा दटावणी, त्यातली २४ वेळा साऱ्या वर्गाला उद्देशून ‘गप्प बसा’. कुणी काय चांगलं केलं ते नेमकं सांगणारं वाक्य, दोनदा.

पहिल्या बैठकीत हा कागद समोर येतो. ‘सर, मी एकतीस वेळा ओरडते?’ बाई विचारतात. सर म्हणतात, ‘मॅडम, त्यातल्या चोवीस वेळा कुणाला बोललात हे मुलांनाही कळलं नाही. म्हणून पंचविसावी वेळ आली.’ ही बैठक फार नाजूक असते. आकडा आरोपासारखा वापरला की योजना तिथेच मरते. बाईंना तो स्वतः वाचू द्यावा, आणि कुठून सुरुवात करायची हे त्यांनाच सुचवू द्यावं. गंमत म्हणजे बहुतेक शिक्षक आपली सुरुवातच निवडतात, कारण ती दुरुस्त होण्याजोगी दिसते.

मग योजना कागदावर येते, एका पानाची. मुदत आठ आठवडे, दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या सत्राच्या पहिल्या सोमवारपासून. ही तारीख मुद्दाम निवडलेली असते. सत्राच्या मध्येच बाईंनी रीत बदलली तर मुलांना ती लुटुपुटूची वाटते. सुट्टीनंतर बदलली तर ती नव्या सत्राची रीत ठरते. निकष तीनच. घंटा झाल्यापासून वर्ग कामाला लागेपर्यंत तीन मिनिटांहून कमी वेळ जावा. ५८ पैकी निदान ४६ खुणा कामाच्या असाव्यात, आणि तेही शेवटच्या दोन आठवड्यांत बघितलेल्या चार तासांपैकी तीन तासांत. एखादा तास कुणाचाही बिघडतो. आणि साऱ्या वर्गाला उद्देशून केलेली दटावणी तासाला आठच्या आत यावी.

‘वर्ग शांत असावा’ हा निकष त्यात नाही, आणि त्याचं कारण महत्त्वाचं आहे. फळ्यावरची उत्तरं उतरवून घेणारा वर्ग अगदी शांत असतो आणि त्यात कुणीही विचार करत नसतो. लिटमसचा रंग का बदलला यावर भांडणाऱ्या मुलांचा आवाज मोठा असतो आणि ती सगळी कामात असतात. शांतता मोजायला घेतली की शिक्षक हमखास उतरवून देण्याकडे वळतात, कारण ती मिळवायचा तो सर्वात सोपा रस्ता आहे. चुकीचा निकष चांगल्या शिक्षिकेला वाईट शिकवायला लावू शकतो.

त्याच पानाच्या उजव्या बाजूला शाळेनं काय करायचं ते तारखांसह लिहिलेलं असतं, आणि मला विचाराल तर योजना आधाराची आहे की काढून टाकण्याच्या तयारीची, हे ही उजवी बाजू वाचूनच ओळखावं. इथे शाळेनं तीन गोष्टी कबूल केल्या. पहिली, सातवीच्या वह्यांचं कपाट आठवीच्या वर्गाजवळ आणायचं आणि सुट्टीतल्या मैदानावरच्या देखरेखीतून बाईंना आठ आठवडे मोकळं करायचं, म्हणजे घंटा होते तेव्हा त्या दारात उभ्या असतील. दुसरी, आठवड्याला एका तासाची मोकळीक, ज्यात त्यांनी त्याच आठवी कला शिकवणाऱ्या मराठीच्या सरांचा तास बघायचा. तीच मुलं दुसऱ्याकडे कशी वागतात हे बघण्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. तिसरी, बदली तासांचा भार त्यांच्यावर टाकायचा नाही. कपाट हलवायला एक शिपाई आणि पंधरा मिनिटं लागतात. ती सात मिनिटांतली दीड मिनिटं त्या कपाटापायी जात होती, बाईंच्या स्वभावापायी नव्हे.

आणखी एक अट तोंडी नव्हे, लेखी घालतात. मागे बसलेले सर वर्गाला एकदाही रागावणार नाहीत, काही झालं तरी. ही अट पाळणं पर्यवेक्षकांना फार जड जातं, कारण त्यांच्या एका खाकरण्यानं वर्ग गप्प होतो. पण ते खाकरले की मुलं एक धडा शिकतात: खरा अधिकार मागच्या बाकावर आहे, पुढे उभ्या असलेल्या बाईंकडे नाही. ते निघून गेल्यावर बाईंची पंचाईत आधीपेक्षा वाढते.

पहिले दोन आठवडे फक्त सुरुवातीवर. बाई दारात उभ्या राहतात, येणाऱ्या मुलांकडे बघत. फळ्यावर सुट्टीतच दोन ओळींचं काम लिहून ठेवलेलं असतं, उदाहरणार्थ ‘लिंबू, साबण, मीठ, दही: यांतली आम्लं कोणती वाटतात? वहीत लिहा आणि एकाचं कारण द्या.’ मुलं बसतात ती कामावरच बसतात. दिनांक आणि घटकाचं नाव आधीच फळ्यावर असल्यामुळे पाठ फिरवायची वेळ येत नाही. गृहपाठ राहिलेल्यांची चौकशी तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, बाकी वर्ग लिहीत असताना. पहिल्या आठवड्यात यातलं काहीच सुरळीत होत नाही. मुलं फळ्याकडे बघतच नाहीत, कारण बघायची सवय नाही. तिसऱ्या दिवशी बाई एक छोटी गोष्ट करतात: न बोलता बाकांमधून फिरतात आणि ज्यानं लिहायला घेतलंय त्याच्या वहीवर लाल पेनानं एक बारीक खूण करतात. पाचव्या दिवशी खूण मिळावी म्हणून वह्या पुढे सरकायला लागतात. दुसऱ्या आठवड्याअखेर सुरुवातीला लागणारा वेळ सातावरून चार मिनिटांवर आलेला असतो.

तिसऱ्या आठवड्यापासून सूचना आणि प्रश्न. एका वेळी एकच सूचना, ती देताना बाई स्वतः चालत नाहीत, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरी देत नाहीत. प्रश्न विचारला की तीन सेकंद थांबायचं आणि मगच नाव घ्यायचं. हे तीन सेकंद मेरी बड रो या अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात प्रसिद्ध केले. असंख्य तासांच्या ध्वनिफिती ऐकून त्यांनी दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबायला शिकले की उत्तरं लांब होतात, एरवी गप्प राहणारी मुलं बोलायला लागतात, आणि शिस्तीसाठी शिक्षकांना मध्ये पडावं लागणंही कमी होतं. हे शेवटचं वाचून मी थबकले होते. एक सेकंदात फक्त हुशार चार जण पोहोचतात. बाकीच्यांसाठी प्रश्न केव्हाच संपलेला असतो, आणि ज्याच्यासाठी प्रश्न संपलाय ते मूल शेजाऱ्याकडे वळणारच. हा थांबा वर्गासमोर उभं असताना भयंकर लांब वाटतो. बाई पहिल्या आठवड्यात तो पायाच्या अंगठ्यानं चपलेत मोजतात.

तिसऱ्या आठवड्याअखेर ३८ खुणा. पहिली आढावा बैठक वीस मिनिटांची, आणि बोलणं फक्त याच पानावर.

पाचव्या आठवड्यात आकडा घसरून ३३ वर येतो. बाई हिरमुसतात. पण त्याच आठवड्यात गॅदरिंगची तालीम असते, दहा-बारा मुलं रोज तासाच्या मध्येच बोलावली जातात आणि परत येतात, विज्ञानाचा तास दोनदा शेवटी ढकलला जातो. सरांनी त्याच दिवशी आठवी कच्या गणिताच्या तासालाही खुणा करून बघितल्या, तर तिथेही नेहमीपेक्षा घसरण. म्हणजे घसरण तुकडीची होती, बाईंची नव्हे. ही पडताळणी केली नसती तर त्या आकड्याचा अर्थ उलटा लागला असता. शहाण्या योजनेत असे आठवडे आधीच वगळून मुदत तेवढी पुढे ढकललेली असते; इथे ती एका आठवड्यानं वाढवली गेली, तसं लिहून दोघांनी सही केली.

उरलेल्या आठवड्यांत काम मोजक्या मुलांवर येतं. दटावण्यांची नावनिशीवार नोंद केल्यावर दिसलं होतं की नाव घेऊन केलेल्या बहुतेक दटावण्या चारच मुलांना होत्या. त्यांच्याबाबत बाईंनी करायचं ते एवढंच: दुरून मोठ्यानं नाव घ्यायचं नाही, शिकवणं न थांबवता त्या बाकापाशी जायचं, हळू आवाजात काय करायचं ते सांगायचं आणि पुढे जायचं. उभं राहून बघत बसलं की मूल वर्गासमोर माघार घेत नाही. पाठ फिरवली की ते बहुधा पेन उचलतं. चौघांपैकी एक मुलगी दर सूचनेनंतर शेजारणीला काहीतरी विचारते, म्हणून ती ‘बडबडी’ ठरली होती. जवळ गेल्यावर कळतं की तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तिला पुढच्या रांगेत उजवा कान वर्गाकडे राहील असं बसवतात, पालकांना तपासणीसाठी सांगतात, आणि तिची दटावणी संपते. ती शिस्तीची अडचण कधी नव्हतीच.

प्रयोगाचा तास हीच खरी परीक्षा असते. लिटमस कागद, काचनळ्या, ड्रॉपर, आणि अठ्ठावन्न हात. आधी बाई स्वतः वाटप करत, त्यात आठ मिनिटं जात आणि पहिल्या बाकाचे कागद शेवटच्या बाकाला मिळेपर्यंत ओले झालेले असत. आता कृती आधी फळ्यावर, मग बाकप्रमुखांकडून साहित्याचं वाटप, आणि ड्रॉपर सर्वात शेवटी, कारण ड्रॉपर हातात आला की ऐकणं थांबतं. साहित्याचा हा क्रम एवढाच बदल, पण वाटप तीन मिनिटांत आटोपतं.

शेवटच्या दोन आठवड्यांतले चार तास: ४७, ४४, ४८, ४६. सुरुवातीला अडीच मिनिटं. साऱ्या वर्गाला उद्देशून दटावणी सरासरी नऊ वेळा, म्हणजे ठरलेल्या आठच्या किंचित वर. तीनपैकी दोन निकष पूर्ण, तिसरा थोडक्यात हुकला. अशा वेळी काय करायचं हे सुरुवातीलाच लिहिलेलं हवं, नाहीतर निकाल देणाऱ्याच्या मर्जीवर जातो. इथे लिहिलेलं होतं: एकच निकष हुकला तर त्या एकाच निकषापुरती तीन आठवड्यांची मुदतवाढ. बाकीचं संपलं.

समजा काहीच हललं नसतं, तर? तेही शक्य असतं आणि ते लपवू नये. मग आधी बघावं की उजव्या बाजूची कबुली शाळेनं पाळली का. पाळली असेल आणि तरी खुणा ३१ वरच असतील, तर तुकडी बदलून बघणं, दोन शिक्षकांनी मिळून तास घेणं, किंवा बाईंच्या प्रकृतीची, घरच्या ताणाची विचारपूस करणं हे पर्याय असतात. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ची नियमावली आहे. परिवीक्षेवरच्या शिक्षकाचं काम समाधानकारक आहे का हे व्यवस्थापनाला ठरवावं लागतं, आणि कायम झालेल्या शिक्षकाला कमी करायचं तर रीतसर चौकशी लागते. त्या वाटा वेगळ्या आहेत. आधाराच्या योजनेतले कागद त्या फाइलला जोडले जाणार, अशी नुसती कुणकुण लागली तरी शिक्षक खरं बोलायचं थांबवतात आणि मग मोजणीही खोटी होते. म्हणून शिकवणारा एक आणि न्याय करणारा दुसरा हवा: रोजची टिपणं सर, ज्येष्ठ शिक्षिका आणि बाई यांच्यातच राहतात, मुख्याध्यापकांपर्यंत फक्त ठरलेले तीन आकडे जातात.

मुदत संपल्यावर महिन्याभरानं सर आणखी एकदा येऊन बसतात, आधी न सांगता पण बाईंच्या आगाऊ संमतीनं. नव्या सवयी लक्ष उठलं की सैल होतात, आणि सैल झाल्या असतील तर बहुधा दारात उभं राहणं सगळ्यात आधी सुटलेलं असतं. जूनमध्ये बाईंकडे दुसरी आठवी येईल, तिला यातली कुठलीच रीत ठाऊक नसेल. त्यासाठी योजनेच्या तळाशी शेवटची ओळ लिहिलेली आहे: नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात घंटेपासून पहिल्या कामापर्यंतचा वेळ बाईंनी स्वतःच्या घड्याळावर रोज टिपायचा, आणि तो चार मिनिटांवर गेला तर ज्येष्ठ शिक्षिकेला त्याच दिवशी सांगायचं.